मुलाखतीची तारीख बदलून मागताना: नाशिकच्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी आणि नाशिकमधून पुण्या-मुंबईकडे जाऊ पाहणाऱ्या लोकांसाठी मी बरीच वर्षं भरतीचं काम केलं. आधी एका कन्सल्टन्सीत होतो, मग एका प्लांटच्या एचआर विभागात. या काळात तारीख बदलून मागणारे शेकडो मेसेज वाचले. हे पान मुख्यतः अशांसाठी आहे, ज्यांच्या हातात आत्ता नोकरी आहे, दुसरीकडे मुलाखत ठरली आहे आणि ठरलेल्या दिवशी खरंच जाता येत नाही. कॉलेजमधून थेट भरती होणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

तारीख बदलून मागितली की नाव कटतं का?

एकदा मागितली आणि वेळेत मागितली, तर सहसा नाही. भरती करणाऱ्याच्या रोजच्या कामात तारखा हलवणं हे असतंच. निम्म्या वेळा तर कंपनीच हलवते, कारण प्लांट हेड अचानक दौऱ्यावर जातात. नाव कटतं ते न कळवता गैरहजर राहिल्यावर. पॅनलचे तीन लोक मीटिंग रूममध्ये बसलेत, उमेदवाराचा फोन बंद आहे, आणि एचआरची मुलगी दर पाच मिनिटांनी आत डोकावून 'येतोय, येतोय' सांगतेय, हा प्रसंग ज्याने एकदा भोगलाय तो ते नाव विसरत नाही. कन्सल्टन्सीला तर बहुतेक ठिकाणी उमेदवार रुजू झाल्यावरच पैसे मिळतात. त्यामुळे तुम्ही मुलाखतीला पोचावं ही तुमच्याइतकीच त्यांचीही गरज असते. हे लक्षात ठेवलं तर मेसेज लिहिताना हात थोडा कमी थरथरतो.

एक अपवाद आहे. कंपनी एकाच दिवशी आठ-दहा जणांना बोलावून त्याच संध्याकाळी निर्णय घेणार असेल, तर तुमच्यासाठी वेगळा दिवस निघेलच असं नाही. अशा वेळी आधी एवढंच विचारा, 'मुलाखती एकाच दिवशी आहेत का?' उत्तर 'हो' आलं तर तारीख मागण्यापेक्षा त्याच दिवशी व्हिडिओवर बोलता येईल का, हे विचारणं शहाणपणाचं.

माझा मेसेज नेमका कोण वाचतं?

हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात, आणि बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

समजा तुम्ही कन्सल्टन्सीतल्या मॅडमना व्हॉट्सॲपवर लिहिलंत. त्या काय करतात? तुमचा मेसेज उचलतात आणि कंपनीच्या एचआरला पुढे पाठवतात, बऱ्याचदा जसाच्या तसा, कारण त्या दिवशी त्यांच्याकडे असे वीस उमेदवार आहेत. एचआर तो मेसेज किंवा त्याचा स्क्रीनशॉट पॅनलमधल्या साहेबांना दाखवतात. म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी दोन आठवडे गोड बोलताय, त्यांच्यापुरतं तुमचं लिखाण राहत नाही. तुम्हाला कधीही न भेटलेल्या, प्रॉडक्शनच्या गडबडीत असलेल्या क्वालिटी हेडच्या हातात ते पडतं, आणि त्यांना त्यातून तीनच गोष्टी हव्या असतात: हा कोण, का येत नाही, कधी येईल.

म्हणून मेसेज लिहून झाला की स्वतःला विचारा, हा न बदलता पुढे पाठवला तर तिसऱ्या माणसाला कळेल का? 'मॅडम, परवाचं जमत नाहीये, सॉरी' यातलं काहीच त्याला कळणार नाही. कुठलं परवा, कोणती जागा, कोण बोलतंय?

रजा रद्द झाली किंवा शिफ्ट बदलली, हे कारण चालतं का? 'आत्ताच्या कंपनीला सोडता येत नाही तर आमच्याकडे कशाला येतो' असं म्हणतील का?

चालतं. उलट नीट सांगितलं तर बरं दिसतं. हातातलं काम अर्धवट टाकून मुलाखतीला न धावणारा माणूस उद्या आपल्याकडेही तसंच वागेल, हा हिशेब पॅनल करतंच. फक्त सांगण्याची पद्धत चुकली तर हेच कारण तक्रार वाटतं. एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण त्यात बहुतेक चुका आणि त्यांची दुरुस्ती दोन्ही आहेत.

अंबडच्या एका कारखान्यात सहा वर्षं काम केलेला एक क्वालिटी इंजिनिअर. चाकणच्या एका कंपनीत त्याचा दुसरा राउंड बुधवारी, 13 तारखेला सकाळी 11 वाजता, समोरासमोर ठरलेला. त्याने बुधवारची रजा आधीच मंजूर करून घेतली होती. प्लांटमध्ये ग्राहकाचं ऑडिट सोमवार-मंगळवार असं होतं. सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास ऑडिटरने आणखी एक दिवस मागितला, आणि क्वालिटीतल्या सगळ्यांच्या बुधवारच्या रजा रद्द झाल्या. शॉपफ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये. सुटल्यावर सहा वाजता पार्किंगमध्ये उभं राहून त्याने हे लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं:

'नमस्कार मॅडम, तुम्हाला डिस्टर्ब करतोय त्याबद्दल सॉरी. सांगायला खूप वाईट वाटतंय पण इथे अचानक काम आलंय आणि आमचे साहेब सुट्टी देत नाहीयेत. मी खूप प्रयत्न केला. प्लीज गैरसमज करून घेऊ नका, मला हा जॉब खरंच हवाय. शक्य झालं तर पुढच्या आठवड्यात कधीही ठेवा, मी ॲडजस्ट करेन. पुन्हा एकदा मनापासून सॉरी.'

मुलगा खरा, कारण खरं, आणि तरी हा मेसेज खोटा वाटतो. 'अचानक काम आलंय' हे जगातलं सगळ्यात वापरलेलं कारण आहे. 'साहेब सुट्टी देत नाहीत' यात तो स्वतःच्या वरिष्ठांची तक्रार अनोळखी माणसासमोर करतोय. तारीख नाही, पद नाही, गावही नाही. 'कधीही ठेवा' तर सरळ चूक. त्याला कधीही जमणार नव्हतं, गुरुवारी तर तो ऑडिटच्या मुद्द्यांची उत्तरं लिहीत बसणार होता.

मी त्याला म्हटलं, आधी परत आत जा. साहेब अजून गेले नाहीयेत. रद्द झालेल्या रजेच्या बदल्यात कोणता दिवस देतील ते आत्ताच विचार आणि सिस्टिममध्ये टाकून ये. तो गेला, शुक्रवार आणि पुढचा मंगळवार असे दोन दिवस पक्के करून आला. शनिवारी त्याच्या प्लांटची साप्ताहिक सुट्टी होतीच. मग हा मेसेज गेला:

'नमस्कार मॅडम. क्वालिटी इंजिनिअर पदासाठी माझा दुसरा राउंड बुधवारी, 13 तारखेला सकाळी 11 वाजता चाकणला ठरला आहे. आमच्या प्लांटमधलं ऑडिट आज एका दिवसाने वाढलं असून बुधवारी मला तिथे हजर राहणं आवश्यक आहे, त्यामुळे त्या दिवशी येता येणार नाही. शुक्रवारी 15 ला दुपारी 2 नंतर, शनिवारी 16 ला सकाळी 11 नंतर किंवा मंगळवारी 19 ला सकाळी 11 नंतर मी चाकणला प्रत्यक्ष येऊ शकतो. ठरलेली वेळ बदलावी लागत आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. यांपैकी पॅनलला सोयीची वेळ कळवलीत तर मी लगेच होकार कळवतो.'

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. बस. यात 'मला हा जॉब हवाय' असं कुठेच नाही, पण तीन पक्के दिवस देणाऱ्या माणसाला जॉब हवाय हे कोणालाही कळतं. शुक्रवारी दुपारी 2 ही वेळ त्याने का दिली? सकाळी सहीपुरता प्लांटला डोकावून नऊच्या आत निघणं, सिन्नर-संगमनेर-नारायणगाव करत चाकण गाठायला चार ते पाच तास, म्हणून. तेवढा विचार करून वेळ दिली की ती पुन्हा बदलावी लागत नाही.

ग्राहकाचं नाव त्याने लिहिलं नाही, आणि ते बरोबरच केलं. कोणत्या कंपनीचं ऑडिट चाललंय ही तुमच्या मालकाची माहिती आहे. चाकणची कंपनी त्याच ग्राहकाला माल पुरवत असेल तर? 'ऑडिट' एवढा शब्द पुरे.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला उत्तर आलं: शनिवार 16, दुपारी 12.

माफी किती वेळा मागायची?

एकदा, आणि मेसेजच्या शेवटाकडे. सुरुवातीला माफी आली की वाचणाऱ्याला आधी वाटतं, हा नकार कळवतोय. मधे मधे पेरली तर मुद्दा शोधावा लागतो. आपल्याकडे 'सॉरी'ची सवय इतकी पक्की आहे की फोन लावतानाही 'सॉरी हं, बिझी होतात का' ने सुरुवात होते; बोलण्यात ते खपून जातं, लिखाणात साचत जातं.

जास्त माफीचा खरा त्रास वेगळाच आहे. चार वेळा माफी वाचली की समोरच्या व्यक्तीवर तुमची समजूत घालायची जबाबदारी येते: 'अहो ठीक आहे, काळजी करू नका.' तिला तुमची समजूत घालायची नसते, तिला नवीन वेळ ठरवायची असते. आणि तो मेसेज पुढे गेल्यावर क्वालिटी हेडला वाटतं, एवढी माफी मागतोय म्हणजे काहीतरी चुकलं असणार याचं.

शब्दांबद्दल एक सूचना. 'दिलगीर आहे' हा शब्द इथे अगदी नेमका बसतो. 'क्षमस्व' पाटीवर ठीक दिसतं, मेसेजमध्ये नाटकी वाटतं. इंग्रजीत लिहिणार असाल तर 'एक्स्ट्रीमली', 'सिन्सिअरली', 'डीपली' हे तिन्ही काढून टाका, नुसतं 'सॉरी' ठेवा.

मग माफी मागितलीच नाही तर? कारण तर माझ्या हातात नव्हतं.

एक वाक्य असू द्या. चूक तुमची नाही हे खरं, पण तीन माणसांची कॅलेंडरं पुन्हा जुळवावी लागतील हेही खरं. 'येता येणार नाही, दुसरी वेळ द्या' एवढंच लिहिलं तर ते रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बोलल्यासारखं वाटतं. बेफिकीर वाटण्याचं आणखी एक कारण म्हणजे तारीख बदलण्याचा भार पूर्ण समोरच्यावर टाकणं. 'तुम्हीच बघा' हे नम्र वाटतं, पण त्याचा अर्थ 'काम तुम्ही करा' असाच होतो.

फोन करू, व्हॉट्सॲप करू की ईमेल?

मुलाखतीला एक पूर्ण कामाचा दिवस किंवा त्याहून जास्त वेळ असेल तर लेखी कळवा. ज्या ईमेलने बोलावणं आलं त्याच ईमेलला उत्तर द्या, विषयाची ओळ बदलू नका, आणि त्यात तीन-चार जण असतील तर Reply all करा. नवीन ईमेल सुरू केला की जुनी साखळी तुटते, आणि एखादा पॅनलवाला बुधवारी 11 ला वाट बघत बसतो. मग व्हॉट्सॲपवर एक ओळ: 'मॅडम, बुधवारच्या मुलाखतीबाबत ईमेल केला आहे, कृपया पाहावा.'

एका दिवसाहून कमी वेळ उरला असेल तर आधी फोन, मग लगेच तोच मजकूर लेखी. फोन उचलला नाही तर दोनदा लावा, सहा वेळा नको.

कॅलेंडरचं निमंत्रण आलं असेल तर त्यात Propose new time असा पर्याय सापडतो. तो वापरायला हरकत नाही, पण ईमेल लिहिल्यानंतर. नुसतं No दाबलं तर काही कंपन्यांमध्ये ती माघार समजली जाते. असा एक चांगला उमेदवार मी स्वतः गमावलाय. त्याने No दाबलं, मी यादीतून काढलं, दोन दिवसांनी तो विचारतोय नवीन वेळ कधी.

दिवसभर फोन लॉकरमध्ये असतो. उत्तर आलं तर कळणार कसं?

अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नर, कुठेही शॉपफ्लोअरवर असाल तर ही अडचण आहेच, आणि भरती करणाऱ्यांना ती माहीत असते. फक्त सांगून ठेवा. मेसेजच्या शेवटी एक वाक्य जोडा: 'पहिल्या पाळीत असल्याने फोन दुपारी 12 ते साडेबारा आणि 4 नंतर उपलब्ध असेल, मेसेज ठेवलात तर त्या वेळेत नक्की उत्तर देईन.' आपापल्या पाळीप्रमाणे वेळ लिहा. हे वाक्य नसेल तर सकाळी साडेनऊला केलेला फोन लागला नाही, की तारीख मागून गायब झालेला उमेदवार असं चित्र उभं राहतं.

फोन आत नेता येत असला तरी मशीनशेजारी बाजूला जाऊन कुजबुजत बोलू नका. आवाज समोर नीट पोचत नाही, पण शेजारच्या ऑपरेटरला बरोबर ऐकू जातो. अंबडमध्ये बातमी एका चहाच्या टपरीवरून दुसऱ्या गेटपर्यंत किती वेगाने जाते हे तुम्हाला मी सांगायला नको.

पर्यायी वेळा किती द्याव्यात?

तीन. दोन वेगवेगळे दिवस तरी असावेत, आणि सगळं एका आठवड्याच्या आत. एकच वेळ दिली तर हट्ट वाटतो, सहा दिल्या तर कोणी वाचत नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहा, कारण 'येत्या शुक्रवारी' म्हणजे हा की पुढचा यावर नवरा-बायकोतही एकमत नसतं. आणि साप्ताहिक सुट्टी ध्यानात घ्या. औद्योगिक वसाहतीत ती रविवारीच असेल असं नाही. तुमची शनिवारी असेल, त्यांची दुसऱ्याच वारी. मोघम 'वीकेंडला जमेल' लिहिण्याआधी त्यांचा प्लांट कधी बंद असतो ते विचारून घ्या.

दिलेली प्रत्येक वेळ आधी स्वतः तपासलेली असावी, रजेसकट. तीनपैकी एक त्यांनी निवडली आणि तुम्ही म्हणालात, 'नाही, ती तेवढी जमणार नाही,' तर पहिल्या वेळचं सगळं बरं लिहिलेलं पाण्यात गेलं.

घरात आजारपण आहे. किती सांगायचं?

नातं आणि प्रसंग, एवढंच. 'वडिलांना काल हॉस्पिटलमध्ये दाखल केलं आहे, गुरुवारपर्यंत मला त्यांच्यासोबत राहावं लागेल.' कोणतं हॉस्पिटल, किती ब्लॉकेज, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही नको. रिपोर्टचा फोटो तर मुळीच पाठवू नका. कोणी मागितलेला नसतो, आणि तो पुढे कुठे कुठे जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. स्वतःच आजारी असाल तर 'ताप आहे, डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती सांगितली आहे' इतकं पुरतं.

घरात मृत्यू झाला असेल तर तारखा द्यायची घाई करू नका. 'वडिलांचं काल निधन झालं. पुढचे विधी आटोपून 24 तारखेनंतर मी नवीन वेळ कळवू शकेन.' आपल्याकडच्या कोणालाही दहावं-तेरावं समजावून सांगावं लागत नाही. भरती करणारी व्यक्ती बंगळुरू किंवा गुरगावची असेल तर मात्र 'तेरा दिवस घरी असेन' असं साधं लिहा. इथे माफीचं वाक्यही गाळलंत तरी चालेल.

घाटात अडकलो, रस्ता बंद झाला. हेही तारीख बदलण्यातच मोडतं का?

नाही, आधी तो उशीर आहे. कसाऱ्याला ट्रक बंद पडला आणि तुम्ही रांगेत उभे आहात, तर लगेच फोन करा, कुठे आहात आणि अंदाजे किती वाजता पोचाल ते सांगा, आणि त्या दिवशीच नंतरची वेळ मिळेल का विचारा. मुंबईत सकाळी 11 ची मुलाखत असेल तर त्याच दिवशी गाडीने निघण्याचा जुगार मी तरी खेळणार नाही. पंचवटी एक्स्प्रेसवरही सगळा भरवसा टाकू नका. ती वेळेवर आली तरी पुढे लोकल, रिक्षा, गेटवरची नोंद यात तासभर जातो. आदल्या रात्री ठाण्याच्या मावशीकडे मुक्काम, हा नाशिककरांचा जुना आणि उत्तम तोडगा.

आधीपासून माहीत असलेल्या गोष्टी आयत्या वेळचं कारण म्हणून सांगू नका. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या फेरीमुळे त्या रस्त्यावर काय गर्दी होते हे नाशिककराला कॅलेंडर न बघता माहीत असतं. 2027 च्या सिंहस्थात स्नानाच्या मुख्य दिवशी शहरातून बाहेर पडणं किती अवघड असेल याचाही अंदाज आहे. पुण्यातल्या एचआरला यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून वेळ ठरतानाच सांगा: 'त्या दिवशी शहरातले रस्ते बंद असतात, आदला दिवस चालेल का?' तेव्हा सांगितलं तर ती माहिती असते, आदल्या रात्री सांगितलं तर सबब.

थोडंसं खोटं कारण सांगितलं तर काय बिघडतं?

आजी एकदाच वारते. मी एका मुलाची आजी तीन वर्षांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांसाठी दोनदा वारलेली पाहिली आहे, दोन्ही वेळा कन्सल्टन्सी आमचीच होती. नाशिकमध्ये क्वालिटी, मेंटेनन्स, टूलरूम ही मंडळी एकमेकांना ओळखतात, आणि पॅनलवर तुमच्या जुन्या प्लांटचा माणूस निघणं ही रोजची गोष्ट आहे. कारण सांगायचं नसेल तर खोटं रचण्यापेक्षा 'एका वैयक्तिक कारणामुळे' लिहा आणि पक्क्या तारखा द्या. तारखा ठोस असल्या की कारण कोणी खोदत नाही. तयारी झाली नाही म्हणून तारीख हवी असेल तर माझं मत विचाराल तर मागू नका, जा. दोन दिवसांत जेवढं वाचून होणार तेवढं चाकणच्या बसमध्येही होतं.

'बघते आणि कळवते' म्हणाल्या, मग शांतता. काय करू?

ज्या वेळा दिल्यात त्यातल्या पहिल्या वेळेच्या एक कामाचा दिवस आधीपर्यंत थांबा. मग एक ओळ: 'मॅडम, शुक्रवार दुपारचा स्लॉट अजून मोकळा ठेवला आहे. पॅनलकडून काही कळलं का?' त्यातून त्यांना कळतं की वेळ निघून चाललीय, आणि तुम्ही ओरडतही नाही. उत्तर आलं नाही तर पुढच्या कामाच्या दिवशी एकदा फोन. तोपर्यंत मूळ वेळ रद्द झाली असं गृहीत धरू नका. 'बुधवारची मुलाखत रद्द केली' हे लेखी येईपर्यंत कागदावर ती उभीच असते, म्हणून मंगळवारी दुपारपर्यंत काही आलं नाही तर फोन करून तेवढं वदवून घ्या.

'जमणार नाही, याच दिवशी या' असं उत्तर आलं तर?

व्हिडिओवर किंवा त्याच दिवशी पाळीआधी-पाळीनंतर जमेल का, हे एकदा विचारा. संध्याकाळी सातला व्हिडिओवर बसणारे पॅनल मी पाहिलेत. तेही नाही म्हणाले तर निर्णय तुमचा. आत्ताची नोकरी धोक्यात घालून जाऊ नका असं मी म्हणेन, पण तुमचा नोटीस पिरियड आणि घराचा हप्ता मला माहीत नाही.

दुसऱ्यांदा तारीख बदलायची वेळ आली तर?

मग फोनच करा, लिहू नका. आणि तारीख मागू नका, परिस्थिती सांगा: 'दुसऱ्यांदा बदल मागतोय याची कल्पना आहे. पुढची वेळ तुम्ही ठरवाल तीच घेईन, किंवा या वेळी मला वगळायचं असेल तर तेही समजू शकतो.' त्यांना सुटायचा रस्ता दिला की बरेचदा त्या स्वतःच एक वेळ काढतात. तिसऱ्यांदा मात्र कोणी काढत नाही, आणि काढूही नये.

नवीन तारीख मिळाली. मुलाखतीला गेल्यावर पुन्हा दिलगिरी व्यक्त करू का?

पॅनलसमोर नाही. त्यांनी स्वतः विषय काढला तर 'वेळ बदलून दिलीत, आभारी आहे' आणि थेट पुढच्या मुद्द्यावर. एचआरला मात्र खाली भेटल्यावर आभार जरूर माना, कॅलेंडर त्यांनीच हलवलेलं असतं.

त्याआधी एक लहान, पण हमखास विसरली जाणारी गोष्ट तपासा. चाकणला गेलेल्या त्या मुलाला शनिवारी गेटवर वीस मिनिटं उभं राहावं लागलं, कारण सिक्युरिटीच्या यादीत त्याचं नाव बुधवार 13 खाली होतं. नवीन तारीख कळली की लगेच विचारून घ्या, 'गेटपास नवीन तारखेचा काढला आहे का?' व्हिडिओ मुलाखत असेल तर लिंक जुनीच आहे की नवीन येणार, हेही. तो मुलगा वेळेच्या पाऊण तास आधी पोचला होता म्हणून निभावलं. पॅनलने ऑडिटचा विषय काढलाच, पण चौकशी करायला नाही. ग्राहकाने एक दिवस वाढवून मागितला तेव्हा लाइनवर काय काय करावं लागलं हे त्यांना ऐकायचं होतं, आणि पहिली पंधरा मिनिटं त्यावरच गेली.